सिग्नलला काटा चढतो, हायवेला जागेवर येतो

प्रश्न: नाशिकच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की गाडीचा टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर चढतो, हायवेला लागलो की आपोआप खाली येतो. कूलंट बदलून झालं. मेकॅनिक आता थर्मोस्टॅट काढून टाकू म्हणतोय. काढू का?

नका काढू. इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरायचं काम थर्मोस्टॅट करतो. आधी रेडिएटरचा फॅन बघा.

मी यातून गेलोय, आणि थर्मोस्टॅट काढून घेण्याचा मूर्खपणाही करून बसलोय. माझी गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. सकाळी इंदिरानगरहून द्वारकेपर्यंत जाताना काटा चढायचा, संध्याकाळी मुंबई नाक्याला पुन्हा तेच. पण रविवारी इगतपुरीला गेलो तर काटा मधोमध, खिळा ठोकल्यासारखा. पहिल्या गॅरेजने कूलंट बदललं. दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढला आणि म्हणाला, "आता पाणी मोकळं फिरेल, बिनधास्त चालवा." झालं काय, तर हायवेला इंजिन नीट तापेचना, काटा पार खाली राहायला लागला आणि पेट्रोल जास्त जायला लागलं. द्वारकेला मात्र गाडी पहिल्यासारखीच तापत होती.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. थर्मोस्टॅट अडकला असेल, पाण्याचा पंप झिजला असेल किंवा रेडिएटर आतून चोंदला असेल, तर गाडीने हायवेला जास्त त्रास द्यायला हवा, कारण तिथे इंजिन जास्त ताकद लावतं, म्हणजे उष्णताही जास्त. तुमची गाडी तिथे शांत राहते, म्हणजे पाणी फिरतंय आणि रेडिएटर उष्णता बाहेर टाकतोय. ताशी साठच्या वेगाला वाऱ्याचं काम रस्ताच करतो, फॅन बंद असला तरी कळतसुद्धा नाही. उभ्या गाडीत मात्र रेडिएटरमधून हवा ओढणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे फॅन.

आणखी एक खूण बघा, ही कोणी विचारत नाही. सिग्नलला उभं असताना एसीतून कोमट हवा येते आणि गाडी पळायला लागली की पुन्हा गार होते का? एसीतली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला असतो आणि त्यालाही हाच फॅन वारा देतो. काटा आणि एसी दोन्ही एकाच वेळी बिघडत असतील, तर मला तरी दुसरा संशयित दिसत नाही.

आता तपासणी. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवून एसी फुल लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर काही सेकंदांत फॅन फिरायलाच हवा. एसी बंद ठेवून बघायचं असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. मॉडेलप्रमाणे थोडा फरक पडतो, पण साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान फॅन लागतो आणि पाच-सात अंश उतरलं की बंद होतो. काट्याच्या भरवशावर फार राहू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो की तापमान बऱ्यापैकी वर-खाली झालं तरी मध्येच दिसतो. म्हणजे तुमचा काटा अर्ध्याच्या वर जातोय तेव्हा पाणी खरोखरच तापलेलं आहे. हात आणि ओढणी-मफलर पात्यांपासून लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

माझा फॅन फिरला नाही. गंमत म्हणजे गॅरेजमध्ये दोन्ही वेळा तो फिरला होता, म्हणून कोणी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. फ्यूज चांगला होता. रिलेच्या जागी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले लावून बघितला, फरक नाही. मग वायरिंगवाल्या मित्राने फॅनच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावला, तो लख्ख पेटला. करंट मोटरपर्यंत येतोय, म्हणजे खोट मोटरमध्येच. त्याने प्लग परत बसवला आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने मोटरच्या पाठीवर हलकेच दोनदा टकटक केलं. फॅन घुर्र करून सुरू झाला. "कार्बन झिजलेत," तो म्हणाला. मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे हे कार्बन झिजले की एखाद्या ठिकाणी थांबलेली मोटर तिथून उठत नाही, खड्ड्यातून गाडी आदळली की उठते. आपल्या रस्त्यांवरून गॅरेजपर्यंत जाईस्तोवर ती दुरुस्त होऊनच पोचत असणार! नवी मोटर टाकली, थर्मोस्टॅटही परत बसवला.

तुमच्याकडे टेस्ट लॅम्प पेटलाच नाही, तर दोष मोटरच्या अलीकडे आहे: फ्यूज, रिले, वितळलेला प्लग किंवा तापमानाचा सेन्सर. फॅनला दोन स्पीड असतील तर आणखी एक प्रकार होतो. कमी स्पीडचा रेझिस्टर जळतो, मग फॅन मधल्या टप्प्याला गप्प राहतो आणि काटा बराच वर गेल्यावर एकदम जोरात सुटतो.

फॅन नीट फिरत असूनही काटा चढत असेल, तर हवा अडतेय. इंजिन आणि फॅन चालू असताना पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो तिथेच चिकटून राहायला हवा. उलट उडाला तर मोटर बदलताना वायरी उलट्या जोडल्यात. नुसता लटकत राहिला तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघा. माझ्या गाडीत तिथे धूळ, मेलेले किडे आणि कापसासारखा लगदा असा जमला होता की पलीकडचा टॉर्चचा उजेड दिसत नव्हता. समोरून पाणी मारून ते निघत नाही, उलट आत दाबलं जातं. इंजिन गार झाल्यावर फॅनच्या बाजूकडून बाहेर, साध्या पाइपने धुवायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर पातळ पत्र्याच्या पट्ट्या आडव्या होतात आणि हवा कायमची बंद होते. अपघातानंतर काम झालं असेल तर फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर परत बसवलंय का तेही बघा. ते नसलं की फॅन आसपासचीच गरम हवा फिरवत बसतो.

कसारा घाट लक्षात ठेवा. ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना वेग नाही आणि इंजिनवर लोड भरपूर, त्यामुळे मेलेला फॅन तिथे द्वारकेपेक्षा लवकर उघडा पडतो. काम होईपर्यंत मुंबईला जाऊ नका. शहरात काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर फुल गरम आणि पंखा जोरात लावा, घाम निघेल पण इंजिनची बरीच उष्णता आत येते. तरीही लाल रेषेकडे गेला तर बाजूला घेऊन बंद करा. रेडिएटरचं झाकण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. गार झाल्यावर पाण्याची पातळी दर आठवड्याला घटलेली दिसली, तर गळतीचा वेगळा तपास करावा लागेल.