मुल्ज़िम, मुजरिम आणि त्यांचा लवाजमा

प्रश्न : जुन्या हिंदी सिनेमातल्या कोर्टात कधी ‘मुल्ज़िम’ म्हणतात, कधी ‘मुजरिम’. दोन्ही म्हणजे गुन्हेगारच ना? आणि एका सिनेमात पात्र म्हणतं, ‘मैं तो मामूली मुलाज़िम हूँ’. तो स्वतःच गुन्हा कबूल करतोय का?

नाही, तो गुन्हा कबूल करत नाही. तो सांगतोय, मी साधा नोकर आहे. मुलाज़िम म्हणजे चाकरीतला माणूस. ‘सरकारी मुलाज़िम’ म्हणजे सरकारी नोकर.

आणि मुल्ज़िम म्हणजे गुन्हेगार हे तर मुळीच नाही. हल्ली जुन्या सिनेमांच्या खाली जी भाषांतरं येतात, त्यांत दोन्ही शब्दांना सरसकट ‘गुन्हेगार’ ठोकलेलं असतं आणि कोर्टाच्या प्रसंगाचा सगळा जीवच निघून जातो. मुल्ज़िम हा ज्याच्यावर इल्ज़ाम आहे तो, म्हणजे आपला आरोपी. मुजरिम तो, ज्याने जुर्म केला. खटला उभा राहिल्यापासून पिंजऱ्यातला माणूस मुल्ज़िम असतो. न्यायाधीश चष्मा सावरून ‘अदालत मुल्ज़िम को मुजरिम क़रार देती है’ म्हणतात, त्या एका वाक्यात माणूस बदलतो. ‘गुन्हेगाराला गुन्हेगार ठरवण्यात येत आहे’ असं त्याचं भाषांतर वाचून काय कळणार? सुटलाच, तर ‘मुल्ज़िम को बाइज़्ज़त बरी किया जाता है’. त्या जागी मुजरिम हा शब्द येऊच शकत नाही.

सरकारी वकील किंवा चिडलेला नायक मात्र निकालाआधीच बोट रोखून ‘यही मुजरिम है’ म्हणतो. ती संवादलेखकाची चूक नव्हे. बोलणाऱ्याने मनातल्या मनात निकाल देऊन टाकलाय, एवढंच. म्हणून शब्द कोणाच्या तोंडी आहे ते आधी पाहावं. न्यायाधीशाच्या तोंडी फरक काटेकोर असतो, बाकीच्यांच्या तोंडी राग बोलतो.

आता खरी गंमत. मुल्ज़िम, मुलाज़िम आणि इल्ज़ाम हे तिन्ही अरबीतल्या ल-ज़-म या एकाच धातूचे. अर्थ चिकटणे, लागून राहणे, टळता न येणे. जे टळत नाही ते लाज़िम. एखाद्याच्या माथी चिकटवायचं ते इल्ज़ाम. धन्याला चिकटून राहतो तो मुलाज़िम. मुघल काळात बादशहापुढे हजर होण्याला ‘मुलाज़मत’ म्हणत. अरबी फौजांत तर मुलाज़िम हा आजही लेफ्टनंटचा हुद्दा आहे.

अरबी व्याकरण काटेकोर लावलं, तर ज्याच्यावर इल्ज़ाम आला तो ‘मुल्ज़म’ हवा. ‘मुल्ज़िम’ म्हणजे उलट, दुसऱ्यावर काही लादणारा. मग उर्दूत इकार आला कुठून? माझं मत असं की तो मुजरिमच्या संगतीने आला. मुजरिम हे कर्तरी रूप आहे, जुर्म करणारा, तिथे इकार हक्काचा. कचेरीत दोन्ही शब्द दिवसभर जोडीने उच्चारले जात होते. मुजरिम-मुल्ज़िम असं यमक जिभेवर बसलं आणि मुल्ज़म मागे पडला. याला लेखी पुरावा मागाल, तर माझ्याकडे कान हाच पुरावा आहे. पण जोडीने फिरणारे शब्द एकमेकांसारखे होतात, हे कुठल्याही भाषेत दिसतं.

यावर शुद्धतावादी मंडळी म्हणतात की सिनेमावाल्यांनी शब्द बिघडवला. हे साफ चूक आहे. सिनेमा जन्मायच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी उर्दूचे कवी आणि वैयाकरण इन्शा अल्लाह ख़ाँ यांनी बजावून ठेवलं होतं की जो शब्द उर्दूत रुळला तो उर्दूचा झाला, मुळात तो शुद्ध असो वा अशुद्ध. उर्दूच्या शब्दावर अरबी वैयाकरणाने शिक्का मारायची गरज नाही. आणि मराठीत आपण काय करतो? ज्याच्यावर आरोप झाला तो नियमाने ‘आरोपित’. ‘आरोपी’चा आरोप करणारा असाही अर्थ काढता येईल. तरी पोलीस ठाण्यापासून वर्तमानपत्रापर्यंत आरोपीच चालतो आणि कोणाचाही गैरसमज होत नाही. दोन भाषांनी एकाच जागी नियम वाकवला, हे मला फार लोभस वाटतं.

या घराण्यातला एक शब्द तर आपण रोज वापरतो. लाज़िम असलेल्या, म्हणजे सोबत असायलाच हव्यात अशा गोष्टी, त्या अरबीत लवाज़िम. त्यावरून आपला लवाजमा. सरदार निघाला की हत्ती, घोडे, भालदार, चोपदार सोबत हवेतच, म्हणून तो लवाजमा. मुजरिमचा नातलगही जुन्या मराठी कागदांत आहे : जरीमाना, म्हणजे दंड.