पॉलिश करून घेऊ नका

प्रश्न: आमच्याकडे पणजोबांपासून चालत आलेल्या दोन तलवारी आणि एक कट्यार आहे. मुंबईच्या हवेत गंज धरतोय. घरच्या घरी साफ कशा करायच्या? बाहेरून पॉलिश करून घेतलं तर चालेल का? संग्रहालयांत काय वापरतात?

उत्तर:

पॉलिश करून घेऊ नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण ही शस्त्रं कुठल्याही बफिंगवाल्याच्या हातात देऊ नका.

आमच्या घरीही एक तलवार आहे. पातं जौहरदार, म्हणजे अंगात लहरी असलेल्या फौलादाचं, मूठ लोखंडी आणि मुठीवर सोन्याची कोफ्तगिरी, म्हणजे लोखंडावर ठोकून धरवलेली नक्षी. मुठीच्या परजेवर खालून वर चढत गेलेली एक वेल होती. वडील खिडकीशी उभे राहून पातं तिरकं धरायचे, मग त्यात काळ्या-राखाडी लहरी दिसायच्या, ओहोटीनंतर माहीमच्या रेतीवर उमटतात ना, तशा. त्यांनी घड्याळ दुरुस्तीवाल्यांचं भिंग खास त्यासाठी आणलं होतं. पातं चकाकत नव्हतं, त्याचा रंग करडाच होता. त्यावर कधी लिंबू फिरलं नाही आणि कधी राखही लागली नाही.

2009 साली वडील गेले. त्या वर्षी दसऱ्याला थोरल्या काकांनी पूजेसाठी म्हणून तलवार नेली आणि "काळपट दिसते, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही" म्हणून एका पॉलिशवाल्याकडे दिली. परत आली तेव्हा स्टीलच्या पट्टीसारखी चकचकीत होती. लहरी गेल्या होत्या. परजेवर बोट फिरवलं, भिंग लावलं, तर अख्ख्या वेलीतल्या दोन पाकळ्या उरल्या होत्या. काका म्हणाले, "शस्त्र कसं लखलखलं पाहिजे." त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले आणि अजूनही मागे हटलेले नाही.

नेमकं काय गेलं ते सांगते, कारण तुमच्या तलवारींनाही हाच धोका आहे. कोफ्तगिरीत सोनं लोखंडात खोल बसवलेलं नसतं. लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून पृष्ठ खरखरीत करतात आणि सोन्याची केसासारखी तार किंवा पातळ पत्रा त्यावर ठोकून धरवतात. सोनं टिकतं ते त्या रेघांच्या जोरावर. बफाचं चाक एकदा फिरलं की सोनं आणि रेघा दोन्ही जातात. जौहर म्हणजे पोलादातलेच कमी-जास्त कर्बाचे थर असतात. त्यावर हिराकस हा लोखंडाचा क्षार लावला की ते उठून दिसतात. चाक त्यांच्यावरून धातू सारवून टाकतं. जौहर पुन्हा हिराकस लावून थोडा काढता येतो म्हणतात, पण तो त्या कारागिराच्या हातचा राहत नाही. आणि सोनं तर गेलं ते गेलंच.

इतक्यावर भागलं नाही. आपल्याकडच्या तलवारींची मूठ बहुतेक वेळा पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या शेपटावर लाखेने बसवलेली असते. चाकाच्या उष्णतेने ती लाख मऊ झाली आणि मूठ खुळखुळायला लागली. पॉलिशची पांढरी लुगदी मूठ आणि पात्याच्या सांध्यात जाऊन बसली होती. पुढच्या पावसाळ्यात गंज सर्वांत आधी तिथेच फुटला, कारण ती लुगदी ओल धरून ठेवते. शंभर-दीडशे वर्षं स्थिर राहिलेला काळा थर काढून उघडं लोखंड समुद्रापासून एका रस्त्यावर आणून ठेवलं, तर दुसरं काय होणार?

त्यानंतर वस्तुसंवर्धनाचं काम करणाऱ्या एका बाईंकडून मी जे शिकले ते सांगते. त्यांनी पहिली गोष्ट शिकवली, ती म्हणजे गंज जिवंत आहे की मेलेला हे ओळखणं. काळा किंवा गडद तपकिरी, घट्ट, हाताला न लागणारा थर असेल तर त्याला हात लावू नका, तो धातूला सांभाळतोय. नारिंगी भुकटी सुटत असेल तर गंज चालू आहे. तलवार पांढऱ्या कागदावर दोन-तीन आठवडे न हलवता ठेवा. कागदावर ताजी नारिंगी धूळ पडली तर काम करायला हवं. नाहीतर मऊ ब्रशने धूळ झटका आणि पुढे साठवणीकडे वळा.

काम करायचं असेल तर टेबलावर जाड चादर घाला आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती मोजे घसरतात आणि त्यांचा धागा अडकतो. उघड्या हाताने तर धरूच नका. घामातलं मीठ बोटांच्या ठशासकट लोखंडावर राहतं आणि महिन्याभराने तोच ठसा गंजाने उमटलेला दिसतो. जुनं चिकट तेल काढायला मिनरल टर्पेंटाइन वापरा. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळा, टर्पेंटाइनमध्ये जरासा भिजवा आणि घासायचं नाही, तर काडी फिरवत कापूस पुढे लोळवायचा. कापूस मळला की बदलायचा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस पेटलेला नको. मुठीजवळ स्पिरिट अजिबात नको, कारण त्यात लाख विरघळते.

सुटणाऱ्या गंजासाठी बांबूची टोकदार काडी, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि भिंग पुरे. सैल झालेलं तेवढंच उचला. काडी काळ्या थरावर आली की थांबा. मी एका बसणीत दोन बोटं लांबीचंच काम करायचे, पूर्ण पात्याला डिसेंबर ते फेब्रुवारी लागले. सँडपेपर, लोखंडी काथ्या, चिंच, व्हिनेगर, दुकानातली गंज काढायची ॲसिडं, यातलं काहीही नको. जिथे सोन्याचा कण दिसतो तिथे काडीही नको.

शेवटी तेलाचा अंश टर्पेंटाइनने काढून पातं कोरडं करा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. संग्रहालयांत वापरतात ते हेच. त्याची सगळ्यांत माहितीची जात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात तयार झाली. नखावर मावेल एवढं मेण हातभर पात्याला पुरतं. पाच-दहा मिनिटांनी मलमलीने हलकं पुसा. आपल्याकडे सर्रास लावतात ते खोबरेल नको. ते कालांतराने खवट होतं, धूळ धरतं आणि मुठीला पितळ असेल तर त्यावर हिरवा थर आणतं.

पण मेणाने ओल पूर्ण थांबत नाही, फक्त हळू आत जाते. खरं काम साठवणीचं आहे. आमची तीच तलवार (काका तिला आपलीच म्हणतात) तेव्हा हॉलमधल्या प्लायवुडच्या शोकेसमध्ये लाल मखमलीवर असायची. प्लायवुडमधून आम्लाची वाफ सुटत राहते, ती धातूला खाते. त्यात हॉलमध्ये संध्याकाळी एसी. लोकांना वाटतं एसी म्हणजे कोरडी हवा, पण जुलैतला हिशेब बघा. बाहेर 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असेल तर ती हवा साधारण 27 अंशांनाच दव सोडते. एसीत तलवार 24 अंशांवर आलेली आहे आणि कोणी गॅलरीचं दार उघडलं की पात्यावर पाणी धरतं, थंड बाटलीवर धरतं तसं. दिवसाला काही तास चालणारा एसी शस्त्राला नसलेल्या एसीपेक्षा वाईट, हे मी काकांना तेव्हाही सांगितलं होतं.

मी काय केलं? पॉलीप्रॉपिलीनचा, रबरी कड असलेला, घट्ट बंद होणारा लांब डबा घेतला, साधारण 110 बाय 30 बाय 15 सेंटिमीटर, म्हणजे 50 लिटर हवा. संग्रहालयांच्या कपाटांसाठी घनमीटरला 20 किलो सिलिका जेल असा जुना ठोकताळा आहे, त्या हिशेबाने एक किलो होतं. जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओल पिऊन ते हिरवं होतं. मग स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास, की पुन्हा नारिंगी. जून ते ऑक्टोबरमध्ये मला हे दोन-तीनदा करावं लागतं. खाली पॉलिथिन फोम, त्यावर धुतलेली बिनरंगी मलमल. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा, पण आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात मीठ थोड्या पाण्याने ओलसर करा, मापकासोबत घट्ट पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 दिसायला हवेत. जेवढा फरक पडेल तेवढा लक्षात ठेवून वाचा. नुसतं लोखंड असेल तर डब्यात 40 च्या खाली ठेवते.

म्यान त्या डब्यात नको आणि तलवार म्यानात नको. लाकूड आणि मखमल ओल धरतात, पातं आतून गंजतं आणि एक दिवस निघतच नाही. म्यान वेगळं, 50 टक्क्यांच्या आसपास, कारण फार कोरडं केलं तर लाकूड फाटतं. तुमच्या कट्यारीला लाकूड किंवा हस्तिदंत असेल तर तिलाही हाच नियम लागेल. तलवार म्यानातून काढताना म्यान मुठीत आवळून धरू नका. धारेच्या बाजूची शिवण कुजलेली असते, धार ती कापून बोटांत येते. पाठीच्या बाजूने तळव्यावर पेला.

आता पूजा. काकांचं दुसरं म्हणणं असं, की "हे सगळं केलंस तर खंडेनवमीला काय फोटो पुजायचा?" नाही. आमच्याकडे आता तलवार डब्यातून काढून पाटावर मागे ठेवतात आणि पुढच्या थाळीत हळदकुंकू, झेंडू, लिंबू. पात्यावर ओलं कुंकू लावायचं नाही, फुलं रात्रभर तिथे राहायची नाहीत. लिंबाचा रस आणि ओल्या पाकळ्या एका रात्रीत लोखंडावर डाग पाडतात. पूजा झाली की मोजे घालून परत डब्यात. काका या वर्षी आले, काही बोलले नाहीत, नमस्कार करून गेले.

राहिलेलं सांगते. पात्यावर घामासारखे नारिंगी थेंब दिसत असतील तर गंजाच्या खाली मीठ आहे, ते घरी जमणार नाही, संवर्धकाकडेच न्या. म्यानात अडकलेली तलवार ओढू नका आणि आत तेल सोडू नका. गंजाखाली सोनं असण्याची शक्यता असेल तरी तेच, थांबा. शस्त्र परवान्याचं काय ते पोलीस ठाण्यात आधीच विचारून घ्या, संवर्धकाकडे न्यायच्या आधी.

आणि काम सुरू करण्यापूर्वी मुठी, परज, पाती भिंगाने बघा आणि सकाळच्या तिरक्या उजेडात जवळून फोटो काढून ठेवा. आमच्या त्या वेलीचा एकही फोटो नाही. वर किती फुलं होती हे आठवायला आई आणि मी दोघी बसतो तेव्हा आमचे आकडे जुळत नाहीत.