जळगावच्या रिसेप्शनमध्ये अनोळखी माणसाशी बोलायचं कसं

प्रश्न: पुढच्या रविवारी जळगावला ऑफिसमधल्या मित्राच्या धाकट्या भावाचं रिसेप्शन आहे. मित्र आणि त्याचे आईवडील सोडले तर तिथं मी कोणालाच ओळखत नाही, आणि ते तिघंही कामात असणार. अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करू?

उत्तर:

आधी आपण कोणाकडचे ते सांगा, मग विचारा. आमच्याकडच्या लग्नात नवा चेहरा दिसला की प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट येते, हा कोणाकडचा? ते कळेपर्यंत समोरचा मोजूनमापून बोलतो. कळलं की लगेच शेजारची खुर्ची पुढे सरकवतो. त्यामुळे तुमचं पहिलं वाक्य साधारण असं असू द्या: "राम राम काका. मी नवरदेवाच्या मोठ्या भावासोबत पुण्याला कामाला आहे. तुम्ही नवरदेवाकडून का नवरीकडून?"

याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं आणि ते सहसा एका शब्दावर थांबत नाही. "नवरदेव माझ्या साडूचा मुलगा," असं काहीतरी येतं. इथे घाईने पुढच्या प्रश्नावर जाऊ नका. "म्हणजे तुम्ही त्याला लहानपणापासून बघताय," एवढं म्हणून थांबा. नात्याचा माणूस नवरदेवाबद्दल दोन गोष्टी सांगतोच. त्या तुमच्याही कामाच्या, कारण थोड्या वेळाने स्टेजवर जाऊन तुम्हाला त्याच नवरदेवाशी बोलायचं आहे.

दुसरा प्रश्न गावाचा. "गाव कोणतं तुमचं?" हा आमच्याकडे अगदी सहज विचारला जातो. आडनाव मात्र आपणहून विचारू नका. खानदेशात पाटील आडनाव मराठ्यांत आहे, लेवा समाजात आहे, गुजरांतही आहे. आडनाव विचारलं की पुढचा प्रश्न "कोणते पाटील?" असाच येणार, आणि जात काढायला आलाय असं समोरच्याला वाटायला वेळ लागत नाही. गावाने तसं होत नाही. उलट गाव कळलं की बोलायला विषय मिळतो.

समजा काका म्हणाले, "आम्ही सावद्याचे." सावदा रावेर तालुक्यात येतं, केळीचा पट्टा. "हो का, केळीसाठी प्रसिद्ध ना?" एवढ्यावर सोडलंत तर ते "हो" म्हणून गप्प बसतील. त्याऐवजी "तुमची मृगबाग असते का कांदेबाग?" असं विचारा. केळीची लागवड जून-जुलैत केली तर ती मृगबाग, ऑक्टोबरच्या आसपास केली तर कांदेबाग. पुण्याहून आलेल्या पोराला हे माहीत आहे म्हटल्यावर काका खुर्ची तुमच्याकडे वळवून बसतील. मग उन्हाने केळीची पानं कशी करपतात, वादळाने एका रात्रीत बाग कशी आडवी होते, सावदा स्टेशनावरून केळी दिल्लीकडे कशी जाते, हे सगळं तेच सांगतील. तुम्ही ऐकायचं आणि न समजलेलं विचारायचं. काका शेती करत नसतील तर तसं सांगतील आणि काय करतात तेही सांगतील. गाव भुसावळ निघालं तर घरात कोणीतरी रेल्वेत असायची शक्यता मोठी. धुळे-नंदुरबारकडचे असतील तर त्यांचे नातेवाईक सुरतेला असतात, "सुरतेला कोणी आहे का तुमचं?" हे तिकडे हमखास चालतं.

मात्र "किती एकर?" आणि "भाव किती मिळाला?" हे दोन प्रश्न टाळाच. आमच्याकडे लग्नाच्या मांडवातच पुढच्या सोयरिकी ठरतात. तिथे अनोळखी माणसाने जमीन आणि पैसा विचारला की तो स्थळाची चौकशी करतोय असं वाटतं. तुम्ही अविवाहित असाल तर जास्तच. तुम्हालाही पगार आणि "लग्न झालं का?" विचारतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. "बघणं चालू आहे" एवढं उत्तर पुरतं.

आता बोलायचं कोणाशी आणि कुठे. मंडपात किंवा लॉनवर कडेला मोठे कूलर लावलेले असतात, त्यांच्यासमोर वडीलधारी माणसं बसतात. ती निवांत असतात आणि त्यांना बोलायला कोणीतरी हवंच असतं. सुरुवात तिथूनच करा. साठीच्या पुढच्या माणसाला आबा, आप्पा, नाना यातलं काहीही चालतं. शेजारचे लोक त्यांना काय म्हणतात ते आधी ऐकलंत तर तेच म्हणा. तुमच्या वयाची पोरं घोळका करून उभी असतील तर त्यात घुसू नका, ते एकमेकांना वर्षभराने भेटत असतात. बायकांशी बोलताना मावशी, काकू, ताई म्हणा आणि यजमानांच्या घरापुरतंच बोला. एकट्या तरुण मुलीशी जाऊन बोलणं टाळा, तिच्या घरचे लांबून बघत असतात आणि नंतर उत्तरं तिला द्यावी लागतात.

जेवणाची वेळ सगळ्यात सोपी. वरण-बट्टी असण्याची शक्यता बरीच. बट्टी म्हणजे जाडसर कणकेचे ओवा घातलेले गोळे, आधी वाफवून मग तेलात तळलेले. बाहेरून कडक असतात आणि नवखा माणूस चमच्याने तोडायला जातो. शेजारच्याला सरळ विचारा, "दादा, बट्टी वरणात चुरून खायची का?" तो तुमच्या ताटाकडे बघेल, बट्टी हाताने बारीक कशी चुरायची ते दाखवेल, वरून वरण घ्यायला लावेल आणि वाढणाऱ्याला हाक मारून तूप मागवेल. सोबत घोटलेल्या वांग्याची भाजी असेल तर तीही घ्यायला लावेल. जेवण होईपर्यंत तुम्ही त्याचे पाहुणे. फक्त खरंच खायला येत नसेल तरच विचारा, नाटक लगेच कळतं.

बोलणं जमत नाहीये हे ओळखायचं असं: तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, दोन्हीची उत्तरं एका शब्दात आली आणि त्याने उलट काहीच विचारलं नाही, किंवा त्याची नजर सारखी गेटकडे आहे. तो कोणाची तरी वाट बघतोय किंवा त्याच्याकडे काम सोपवलेलं आहे. "बरं काका, मी जरा नवरदेवाला भेटून येतो," म्हणून उठा. रिसेप्शनमध्ये या कारणाचं कोणालाच वाईट वाटत नाही, आणि बोलणं लांबलं तरी सुटायला हेच कामी येतं.

आणखी एक, हे आत शिरतानाच करा. गेटवर मित्राचे वडील भेटले की त्यांना सांगा, "काका, मला इथं कोणी ओळखीचं नाही, कोणाजवळ बसवून द्या." संकोच करू नका. पाहुणा एकटा बसला तर आमच्याकडे ते यजमानाला लागतं. ते स्वतः अडकलेले असतील तर पुतण्याला नाहीतर जावयाला हाक मारतील. मात्र हे लवकर पोहोचलात तरच जमेल. एकदा स्टेजसमोर फोटोची रांग लागली की घरचा कोणीच हाती लागत नाही. म्हणून पत्रिकेत सातची वेळ असेल तर सव्वासातला तिथं असा. गर्दी आठनंतर होते, तोवर बसायला जागाही असते आणि काकांना तुमच्यासाठी दोन मिनिटंही असतात.