‘बघते, कळवते’ म्हणू नकोस

प्रिय,

परवा तुर्भ्याहून आपण एकाच गाडीत होतो. कोपरखैरण्याला तुझा फोन वाजला, तू तो उलटा करून मांडीवर ठेवलास. ऐरोलीला पुन्हा वाजला. मग तू म्हणालीस, "काका, तो बॉक्सवाला आहे. बिचारा खूप चांगला आहे, पण त्याला ऑर्डर द्यायची नाहीये. काय सांगू?" तेव्हा ठाणं आलं आणि बोलणं राहिलं. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

त्याला तू तीन आठवड्यांत काय काय सांगितलंस ते मी विचारलं होतं. "बघते." "मॅनेजमेंटकडे आहे." "पुढच्या आठवड्यात कळवते." निर्णय पहिल्याच आठवड्यात झाला होता, हेही तूच सांगितलंस. मग हे तीन आठवडे तू कुणाला दिलेस? त्याला वाटतंय, तू त्याच्यासाठी साहेबांशी झगडते आहेस. त्याने महिन्याच्या अंदाजात तुमच्या कंपनीचं नाव घातलं असेल, त्याच्या मालकाने विचारलं असेल आणि तो म्हणाला असेल, "मॅडम पॉझिटिव्ह आहेत." नकार पहिल्या वाक्यात जायला हवा, गं. दुसऱ्या परिच्छेदात नाही, धन्यवादांच्या मागे नाही, पहिल्या वाक्यात.

तुझी बाजू मला कळते. समोरचा माणूस पावसात तीन नमुने घेऊन महाप्यापर्यंत आला, चहा प्यायला, घरची चौकशी केली. त्याला तोंडावर नाही म्हणणं जड जातं. मलाही जायचं, आणि त्याची किंमत मी चुकती केलेली नाही.

१९९७ साली मी वागळे इस्टेटमध्ये परचेसला होतो. एका छोट्या शेडवाल्याकडून पुठ्ठ्याच्या बॉक्सचं कोटेशन घेतलं. माल आमच्या नेहमीच्या माणसाकडूनच घ्यायचा होता, पण फायलीत तीन कोटेशनं लागत. त्याला मी चार वेळा सांगितलं, "तुमचं जवळजवळ नक्की आहे." दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्याच्या शेडमध्ये गेलो, तर भिंतीवर पुठ्ठा कापायची आमच्या मापाची डाय टांगलेली होती. आमच्या मापाचा बॉक्स दुसरं कोण घेणार? शेजारी आमच्या मालाच्या नावाचा स्टिरिओ, म्हणजे छपाईचा ठसा. माझ्या ‘जवळजवळ’वर विसंबून त्याने स्वतःच्या पैशाने दोन्ही करून घेतलं होतं. तो एक शब्द बोलला नाही. पुढे आमच्या पुरवठादाराचं मशीन बंद पडलं, तेव्हा मी त्यालाच फोन केला. तो म्हणाला, "साहेब, आधी पीओ पाठवा, मग बोलू." दार त्याने लावलं नव्हतं, ते मी लावलं होतं, गोड बोलून.

त्यानंतर मी नकार पहिल्या वाक्यात द्यायला लागलो. ऑफिसात मला तुसडा म्हणत. म्हणू देत. ज्यांना मी स्पष्ट नाही म्हटलं, तेच पुरवठादार पुढे अडीअडचणीला रात्री गाडी पाठवत. तुसडेपणा आणि स्पष्टपणा यांत फरक आहे, हे मी त्या लोकांना पटवून देऊ शकलो नाही, पण माझं चुकलं असं आजही वाटत नाही.

आता तुझी केस घेऊ. त्याचा पाच प्लायचा बॉक्स ४२ रुपये, तुमचा सध्याचा साडेचव्वेचाळीस. तुम्हाला महिन्याला १,२०० लागतात, म्हणजे महिन्याला ३,००० रुपये वाचतात. पण तो एका वेळी ५,००० घ्या म्हणतो आणि निम्मे पैसे आगाऊ मागतो. ५,००० म्हणजे चार महिन्यांहून जास्त साठा आणि २,१०,००० रुपये अडकलेले. शिवाय पावसाळ्यात तुर्भ्याच्या गोदामात क्राफ्ट कागद दमट हवा ओढतो, तळच्या थराचे कोपरे अंगठ्याने दाबले तर मऊ लागतात आणि वरच्या मालाच्या वजनाने बॉक्स बसतो. तुमचा नकार योग्य आहे. कारण एकच आहे: लॉट मोठा आहे.

आणि तू त्याला काय सांगणार होतीस? "रेट जरा जास्त वाटतोय." का, तर ते सौम्य वाटतं. अगं, हे ऐकून तो उद्या चाळीस रुपये करून आणेल! मग तू काय म्हणशील? खोटं कारण दिलंस की माणूस तेच कारण दूर करायला धावतो, आपलं मार्जिन कापतो आणि तरीही त्याला नकारच मिळतो. म्हणून खरं कारण दे, तेही एकच. दुसऱ्याचा रेट त्याला सांगू नकोस, आणि त्याचं कोटेशन दाखवून जुन्या पुरवठादाराचा रेट पाडू नकोस.

भाषा तुमच्या ऑफिसची वापर, पण मेलचा मजकूर असा असू दे:

"आपला १२ तारखेचा प्रस्ताव आम्ही स्वीकारत नाही. आमचा वापर महिन्याला १,२०० बॉक्सचा आहे आणि ५,००० चा लॉट आम्ही साठवू शकत नाही. नमुन्यांचा दर्जा आम्हाला योग्य वाटला. सध्याचा करार ३१ मार्चला संपतो, नवी कोटेशनं फेब्रुवारीत मागवू, तेव्हा आपल्यालाही चौकशी पाठवू. दरमहा १,२०० ची डिलिव्हरी जमणार असेल तर त्या वेळी तसं कोट करावं. तोपर्यंत आमच्यासाठी माल किंवा डाय तयार ठेवू नये."

शेवटचं वाक्य गाळू नकोस. ते उद्धट वाटेल, पण त्या शेडच्या भिंतीवरची डाय मी पाहिली आहे.

फेब्रुवारीचं वाक्य मात्र साहेबांना विचारूनच लिही. आपण चौकशीचं वचन देतोय, ऑर्डरचं नाही, आणि ते वचनही पाळायचंय. लिहिशील त्याच दिवशी फेब्रुवारीच्या पानावर त्याचं नाव टाक. साहेब नको म्हणाले तर तारीख काढून टाक आणि एवढंच लिही की अटी बदलल्या तर नवा प्रस्ताव पाठवा, मी वाचून उत्तर देईन. ‘भविष्यात नक्की एकत्र काम करू’ हे कुठेही नको. नमुने चांगले नसते, तर दर्जाचं वाक्यही नको होतं.

मेलआधी फोन कर. तो स्वतः येऊन गेलाय, त्याला पडद्यावर वाचून कळू नये. फोनवरही नकार पहिल्या वाक्यात. पाऊस कसा आहे हे नंतर विचार. "मी प्रयत्न केला, पण वरचे ऐकत नाहीत" असं म्हणायचा मोह होईल. तसं म्हणालीस तर तो तुझ्या साहेबांचा नंबर शोधेल, आणि खरंतर निर्णय तुलाही पटलेला आहे. "आम्ही ठरवलं" असं म्हण. तो म्हणेल, "मॅडम, चाळीस करतो." तेव्हा सांग, "रेटमुळे नाही, लॉटमुळे. १,२०० जमेल का?" जमेल म्हणाला, तर तो नवा प्रस्ताव आहे, लेखी मागव. नाही म्हणाला, तर आभार मान आणि फोन ठेव. तिथे ‘तरी बघते’ तोंडातून निघालं तर सगळं पाण्यात.

उद्या सकाळीच कर. ते तीन नमुने तुझ्या टेबलाखाली आहेत ना? परत न्यायचे आहेत का तेही विचार.

तुझा,
काका