दोन तासांत बीएलएस: हात चालतील अशी आखणी

प्रश्न: आमच्या रुग्णालयात नव्याने आलेल्या १२ जणांना (इंटर्न, नर्स, दोन वॉर्डबॉय) बीएलएस शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. दोन तास, दोन मॅनिकिन आणि माझ्यासह तीन शिकवणारे आहोत. सत्र कसं आखावं? प्रात्यक्षिकाचे गट कसे करावेत?

मी भूलतज्ज्ञ आहे आणि इंटर्न-नर्सची अशी सत्रं नेहमी घेते. सुरुवातीलाच सांगते, स्लाइड्स बाजूला ठेवा. पहिली १५ मिनिटं एका मॅनिकिनवर तुम्ही तिघांनी मिळून पूर्ण प्रसंग खऱ्या वेगात करून दाखवा, न बोलता. मग तोच पुन्हा करा, या वेळी प्रत्येक कृतीचं कारण सांगत. एवढी थिअरी पुरते. त्यानंतर चौघांचे तीन गट, तीन स्टेशन्स, प्रत्येकी २० मिनिटं. शेवटचा अर्धा तास सगळ्यांचा एकत्र ड्रिल. गट करताना वॉर्डबॉय वेगळे बसवू नका. रात्रपाळीला जी माणसं एकत्र असतात, तीच एका गटात हवीत.

पहिलं स्टेशन छातीवरच्या दाबांचं. मोबाइलवर मेट्रोनोम ११० वर लावा, म्हणजे मिनिटाला १०० ते १२० हा वेग आपोआप सांभाळला जातो. खोली ५ ते ६ सेंटीमीटर. चौघांपैकी एक जण सलग दोन मिनिटं दाब देतो, दुसरा घड्याळ बघतो आणि तिसरा गुडघ्यावर बसून फक्त एकच गोष्ट बघतो: प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येते का. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो. छाती वर आली नाही, तर हृदयात रक्त भरत नाही आणि पुढचा दाब वाया जातो. दाब देणाऱ्याला हे स्वतःला कळत नाही, बाजूने बघणाऱ्याला लगेच दिसतं. मिनिटभरातच खोली कमी व्हायला लागते, आणि तरी तो म्हणतो, "मॅडम, मी अजून करू शकतो." म्हणूनच दोन मिनिटांनी माणूस बदलायचा हा नियम आहे. दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या झाल्या की चौघांची १६ मिनिटं होतात आणि चुका सांगायला चार उरतात.

दुसरं स्टेशन अंबू बॅगचं. तुमचा सगळ्यात कसलेला शिकवणारा इथे बसवा, कारण खरी अडचण इथेच येते. आधी बॅग तपासायला लावा: तोंड तळहाताने बंद करून बॅग दाबली की हाताला अडथळा जाणवला पाहिजे. बॅग सहज चेपली, तर कुठून तरी हवा गळते आहे. मग मास्कची पकड. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर. नवा माणूस मास्क चेहऱ्यावर दाबतो. करायचं आहे उलटं, जबडा उचलून मास्कपर्यंत आणायचा. बोटं हाडाऐवजी हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली, तर जीभ मागे ढकलली जाऊन श्वासमार्ग उलट बंद होतो. हे प्रत्येकाचा हात धरूनच दाखवावं लागतं.

एका हाताने पकड जमत नसेल, तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा आणि दाब देणाऱ्याने ३० दाबांनंतर तिथूनच बॅग दोनदा दाबायची. माझ्या मते नवशिक्यांना आधी हीच पद्धत शिकवावी. प्रत्येक श्वास एका सेकंदाचा, छाती जेमतेम उचलली की थांबायचं. घाबरलेला माणूस पूर्ण बॅग पिळतो, मग हवा पोटात जाते, उलटी होते आणि छातीत दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं.

तिसऱ्या स्टेशनला मॅनिकिन लागत नाही. एक सहकारी खाटेवर झोपतो आणि त्याच्यावर पहिल्या मिनिटाचा सराव करायचा: हाक, खांदे हलवणं, मदतीसाठी ओरडणं, मग मानेची नाडी आणि श्वास एकाच वेळी, जास्तीत जास्त १० सेकंद. नाडीबद्दल शंका असेल, तर दाब सुरू करायचे. (जिवंत माणसाच्या छातीवर दाब द्यायचा नाही, "सुरू" असं म्हणायचं.) झोपलेल्याला मधूनच आचके द्यायला सांगा: तोंड उघडून, घशातून आवाज काढत, बऱ्याच अंतराने. बहुतेक नवीन मंडळी म्हणतात, "श्वास चालू आहे." हे आचके म्हणजे श्वास नव्हे, हृदय थांबल्याची खूण आहे, हे इथे डोळ्यांसमोर ठसतं. उरलेल्या वेळात तुमच्या वॉर्डातलं डीफिब किंवा एईडी नेमकं कुठे असतं, पॅड कुठे लावायचे (एक उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली), आणि कोड ब्लूला कोणता नंबर लावायचा, हे प्रत्येकाकडून बोलून घ्या.

शेवटचा ड्रिल वर्गातल्या टेबलावर नको. मॅनिकिन वॉर्डातल्या खऱ्या खाटेवर, गादीवर ठेवा. दाबातला काही भाग गादीच खाते, म्हणून पाठीखाली फळी हवी, खाट मांडीच्या मध्यापर्यंत खाली हवी किंवा पायाखाली स्टूल हवं. फळी आणि स्टूल सापडत नाही हे ड्रिलमध्येच कळलं तर बरं.

या ड्रिलमध्ये एकानं स्टॉपवॉच धरून फक्त हात छातीवर नसलेला वेळ मोजायचा. एक उदाहरण मांडते. चार मिनिटांचा ड्रिल म्हणजे २४० सेकंद. ११० च्या वेगाने ३० दाबांना साधारण १६ सेकंद लागतात. एका गटाला दोन श्वासांसाठी दर वेळी ९ सेकंद लागले आणि असे आठ थांबे झाले: ७२ सेकंद. एईडीच्या तपासणीत आणि शॉकमध्ये १६, माणूस बदलताना वेगळे १२. एकूण १०० सेकंद हात रिकामे, म्हणजे दाब फक्त ५८ टक्के वेळ. किमान ६० टक्के हवेत, आणि लक्ष्य ८० कडे जाण्याचं. आता त्याच गटाला दोन हातांची मास्कची पकड घ्यायला लावा आणि माणूस बदलणं एईडी तपासत असतानाच उरकायला सांगा. श्वासांचा थांबा चार सेकंदांवर आला, तर अकरा थांब्यांचे ४४, एईडीचे १६, मिळून ६०. दाब ७५ टक्के वेळ. कोणी जास्त जोर लावला नाही, फक्त थांबे आखडले. फळ्यावर हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी लिहा.

लहान मुलं, बाळं आणि घशात अडकणं यांची या दोन तासांत सरमिसळ करू नका. बाळांची खोली आणि श्वासाचं प्रमाण वेगळं असतं. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. आणि तारीख आत्ताच ठरवा: तीन ते सहा महिन्यांत हे कौशल्य हातातून निसटतं. पूर्ण सत्र पुन्हा घ्यायची गरज नाही, दर तीन महिन्यांनी ड्युटी बदलताना दहा मिनिटं, वॉर्डातच, एक मॅनिकिन, एक अंबू आणि स्टॉपवॉच एवढं पुरे.