पिंपातला ओला कचरा का कुजतो, आणि त्याचं खत कसं होतं

प्रश्न : मी पुण्यात एका सोसायटीत माळीकाम करतो. चोवीस फ्लॅट आहेत, त्यातले चौदा जण ओला कचरा वेगळा देतात, रोज साधारण सात किलो भरतो. कमिटीने निळं पिंप आणून दिलं, मी त्यात रोज कचरा टाकून झाकण लावतो. महिना झाला तरी खत होईना. काळं पाणी सुटलंय, वास फार येतो, पांढऱ्या अळ्या झाल्यात. चुना आणि फिनाईल टाकून पाहिलं. सेक्रेटरी म्हणतात आता बंद करा. काय करू?

उत्तर : बंद करू नका. तुमचा कचरा चांगला आहे, त्यात दोन गोष्टी कमी पडल्यात : हवा आणि सुका पाला. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा यांत पाणी भरपूर असतं. नुसतं तेच भरून झाकण घट्ट लावलं की दोन दिवसांत ते खाली बसतं, मधल्या फटी पाण्याने भरतात आणि हवा आत जात नाही. मग हवेवर जगणारे जिवाणू मरतात आणि बिनहवेचे त्यांची जागा घेतात. तो आंबूस, सडक्या अंड्यासारखा वास त्यांचाच. वास आला म्हणजे कचरा वाईट असं नसतं, आत हवा नाही एवढाच त्याचा अर्थ.

चुना आणि फिनाईल आजपासून थांबवा. फिनाईलने अळ्यांबरोबर खत करणारे जिवाणूही मरतात. चुन्याने वास तात्पुरता बदलतो, पण कचऱ्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. डोळ्यांत झोंबणारा वास येत असेल तर तो हाच. झाडाला हवं असलेलं खाद्य आपणच हवेत सोडून देतो.

आधी सध्याच्या पिंपाचं बघू. सकाळी, ऊन चढायच्या आत, हातमोजे घालून पिंप एका जुन्या ताडपत्रीवर आडवं करा. जे निघेल त्याच्या दीडपट, घमेल्याने मोजून, हाताने चुरलेला सुका पाला त्यात मिसळा आणि फावड्याने दोनदा खालीवर करा. मग मूठभर माल घेऊन जोरात पिळा. बोटांमधून पाण्याची धार लागली तर अजून पाला हवा. एखाद-दुसरा थेंब आला, हात ओलसर झाला आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल बरोबर. गोळा लगेच सुटला तर थोडं पाणी शिंपडा. ओल किती टक्के हे मोजायला यंत्र लागत नाही, ही मूठ पुरते. खाली साठलेलं काळं पाणी कुंड्यांना घालू नका, ते कच्चं असतं आणि मुळं भाजू शकतात. ते पाल्याच्या ढिगावर ओता, पाला ते पिऊन घेईल.

अळ्यांबद्दल घाबरण्यासारखं काही नाही. चपट्या, खरबरीत, मातकट पांढऱ्या आणि पुढे तपकिरी होणाऱ्या अळ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या कचरा खातात, चावत नाहीत आणि घरात शिरून अन्नावर बसणारी माशी त्यांची नव्हे. बारीक, मऊ, टोकदार अळ्या घरमाशीच्या असतात, त्या मात्र नकोत. दोन्हींचं कारण एकच, उघडा राहिलेला ओला कचरा. पाला मिसळला आणि वर पाल्याचा थर दिला की त्या आपोआप कमी होतात.

आता पिंप नीट करून घ्या. दोनशे लिटरचं चालेल, फक्त पूर्वी त्यात रसायन नव्हतं ना याची खात्री करा. ड्रिलने बोटाएवढी भोकं पाडायची, तळाला आठ-दहा आणि बाजूंना वीतभर अंतराने ओळीत, अगदी वरपर्यंत. आतून बाजूला आणि तळाला मच्छरदाणीची जाळी लावा, म्हणजे माशा आत जात नाहीत आणि माल भोकातून सांडत नाही. उंदीर-घुशींचा त्रास असेल तर बाहेरून लोखंडी जाळी गुंडाळावी लागेल, मच्छरदाणी ते कुरतडतात. पिंप चार विटांवर ठेवा, निथळणारं पाणी धरायला खाली घमेलं किंवा जुनं ताट ठेवा. जागा सावलीतली हवी, उन्हात कचरा सुकतो आणि जिवाणूंचं काम थांबतं. भिंतीला अगदी चिकटवू नका, मागच्या भोकांतूनही हवा गेली पाहिजे.

तळाशी वीतभर काड्या आणि नारळाच्या शेंड्या टाका. त्या कुजायला पुष्कळ दिवस घेतात, पण पाणी खाली निचरायला आणि हवा वर यायला त्यांच्यामुळेच जागा राहते. त्यावर पाल्याचा जाड थर, मग रोजचं काम सुरू. एक बादली ओला कचरा, त्यावर दीड बादली हलक्या हाताने दाबलेला चुरलेला पाला, आणि ओंजळभर तयार खत किंवा शेण कालवलेलं पाणी. शेवटी वर एकही साल दिसता कामा नये इतका पाला पसरा. बाजारात कल्चरच्या पुड्या मिळतात, त्या वापरल्या तरी हरकत नाही, पण लागतीलच असं नाही. एकदा खत झालं की त्यातलंच थोडं राखून ठेवा, तेच पुढच्या पिंपाचं विरजण.

पाल्याचं प्रमाण एवढं का, हे सेक्रेटरींनाही समजावून सांगा. जिवाणूंना एका भाग नत्रामागे साधारण पंचवीस ते तीस भाग कार्बन लागतो. ओल्या कचऱ्यात नत्र तुलनेने जास्त, सुक्या पाल्यात कार्बन जास्त, म्हणून दोघांची जोडी लावायची. लाकडाचा भुसाही चालतो, पण त्यात कार्बन फारच जास्त असतो, त्यामुळे तो थोडा वापरा, नाहीतर खत व्हायला फार वेळ जाईल.

आता सगळ्यात मोठी चूक, जी तुमच्याच आवारात होत असेल. पुण्यात फेब्रुवारी ते एप्रिल गळती जोरात असते. तेव्हा पाला पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत जातो, किंवा कोपऱ्यात जाळला जातो. मग जुलैत पिंप चिखल झालं की पाला कुठून आणायचा हा प्रश्न पडतो. गळतीच्या दिवसांतच जमतील तेवढ्या मोठ्या गोण्या भरून कोरड्या जागी रचून ठेवा. वर्षभराचा पाला एवढ्यात भागेलच असं नाही, पण पावसाळा निघेल. रेनट्रीची बारीक पानं सर्वात सोयीची, लवकर कुजतात. अशोकाची आणि बदामाची पानं चिवट, ती पायाखाली किंवा काठीने चुरल्याशिवाय टाकू नका, नाहीतर सबंध पानं एकावर एक बसून छप्पर होतात आणि खाली पुन्हा हवा कोंडते.

तुमच्या सात किलोचा हिशेब असा. पाल्यासह पिंप साधारण अठरा दिवसांत भरतं, कारण माल रोज खाली बसत जातो. तेवढ्यात पिकून मोकळं होत नाही, त्याला आणखी दीड-दोन महिने लागतात. म्हणून एक पिंप पुरत नाही, चार हवेत. पहिलं भरलं की बंद, मग दुसरं, तिसरं, चौथं. चौथं भरेपर्यंत पहिल्याला चौपन्न दिवस मिळतात. पिंप बंद झाल्यावर पंधरा दिवसांनी एकदा ते पूर्ण ओतून, खालचं वर करून पुन्हा भरा. एवढी एक उलथापालथ केली तरी काम भागतं, रोज ढवळायची गरज नाही. एका पिंपात सव्वाशे किलो ओला कचरा गेला तर हाती येणारं खत त्याच्या चौथाईच्या आसपास असेल. बाकीचं पाणी आणि वायू होऊन जातं, कोणी चोरत नाही!

पिंप काम करतंय की नाही हे बघायला एक लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढून हात लावा. भरल्यावर पहिल्या आठवड्यात ती चांगली गरम, हात टिकणार नाही इतकी लागली पाहिजे. गार लागली तर ओल किंवा हवा चुकली आहे, किंवा माल फार थोडा आहे. या गरमीतच गवताचं बी आणि बरेच रोगजंतू मरतात. म्हणूनच पिंपात गांडुळं सोडू नका, ती या उष्णतेत तग धरत नाहीत. गांडूळखत करायचं असेल तर वेगळी कुंडी, आणि तीही गरमी उतरलेल्या मालावर.

लोकांकडून येणाऱ्या कचऱ्यात तीन चुका ठरलेल्या आहेत. कचरा रात्रभर गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत असतो, म्हणजे तुमच्याकडे येतो तेव्हाच अर्धा सडलेला. उघडी बादली आणि तळाला वर्तमानपत्र असं सांगा, आणि उरलेल्या आमटी-भाजीतलं पाणी आधी गाळून घ्यायला सांगा. दुसरं, मटण-मासळीची हाडं आणि तेलकट तर्री. पिंपात ती घेऊ नका, कुत्री-घुशी तिच्यासाठीच येतात. तिसरं निर्माल्य. फुलं उत्तम, पण दोरे, प्लास्टिकचं सोनेरी कागद आणि उदबत्तीची पाकिटं निवडून घ्यायला हवीत. नारळाची करवंटी आणि आंब्याच्या कोयी वेगळ्याच ठेवा, त्या दोन महिन्यांत होत नाहीत. लिंबू-संत्र्याची सालं मात्र लोक उगाच पिंपात घालायचं टाळतात. बारीक करून थोडी-थोडी चालतात.

खत झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका, काळं तर सडकंही असतं. वास मातीचा हवा, सळई गार हवी, आणि मूळ साल ओळखू येता कामा नये. शंका असेल तर मूठभर ओलसर खत बंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबट किंवा कुजका भपका आला तर अजून महिनाभर थांबा. कच्चं खत कुंडीत घातलं तर जिवाणू आपल्या पोटासाठी मातीतलं नत्र ओढतात आणि जास्वंद-मोगऱ्याची पानं पिवळी पडतात. नेमकं तेव्हाच रहिवासी म्हणतात की सोसायटीचं खत चांगलं नाही.

तयार खत बारीक चाळणीतून चाळा. वर राहिलेला चोथा टाकून न देता पुढच्या पिंपाच्या तळाला घाला. बारा इंची कुंडीला वरून दोन मुठी, महिन्यातून एकदा, खुरप्याने हलकं कालवून पाणी द्या. नवी कुंडी भरताना तीन भाग मातीला एक भाग खत पुरे. रोपवाटिकेची छोटी रोपं असतील तर त्याहून कमी.