सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीला: सभेची तारीख बदलताना

राहुल, एकवीस सप्टेंबरला हॉल मिळत नाही म्हणून तू गेटवरच्या फळ्यावर खडूने नवी तारीख लिहिलीस, ते आधी पूस. वार्षिक सर्वसाधारण सभेला चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते, आणि त्यात नोटीस दिल्याचा दिवस धरत नाहीत, सभेचाही नाही. अठ्ठावीसला सभा हवी असेल तर नोटीस तेराच्या रात्रीपर्यंत प्रत्येक सभासदाच्या हातात पडली पाहिजे. चौदा ते सत्तावीस, बोटं मोजून बघ. त्याहून फार पुढे सरकायला जागा नाही, सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायलाच हवी.

नोटिशीत ‘सभा तहकूब’ लिहू नकोस. पहिल्या वर्षी मी तेच लिहिलं आणि आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दोन काकांनी तहकूब सभा गणसंख्येशिवाय चालेल असं धरून दांडी मारली. तहकूब होते ती भरलेली सभा, अर्धा तास थांबूनही गणसंख्या झाली नाही तर. तुझी भरलेलीच नाही. म्हणून लिही: ‘दि. २१ ची सभा रद्द, त्याऐवजी दि. २८ रोजी सकाळी १० वाजता’, कारण एका ओळीत, खाली विषयपत्रिका पूर्ण, जुनीच असली तरी. वॉचमनकडून पोच वहीवर सह्या घे. बंद फ्लॅटवाल्यांना स्पीड पोस्ट.